तीन आठवडे थकलेल्या बिलासाठी आठवणीचा मेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे नाशिकच्या अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांसाठी आणि कंपन्यांना सेवा देणाऱ्या व्यावसायिकांसाठी आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे. अंबडमधली एक भागीदारी संस्था सिन्नरच्या एका कंपनीच्या एअर कॉम्प्रेसरची देखभाल करते. बिल २ जूनचे, मुदत बिलाच्या तारखेपासून ३० दिवस. कामाची रक्कम १,००,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,००० रुपये. आज २३ जुलै आहे आणि पैसे आलेले नाहीत.

तीन आठवडे नेमके कुठून मोजायचे?

देय तारखेपासून. बिलाच्या तारखेपासून नाही. आपल्या उदाहरणात देय तारीख २ जुलै, म्हणून २३ जुलैला बिल २१ दिवस थकले. बरेच जण मेलमध्ये "५१ दिवस झाले" असे लिहितात. तिथेच समोरच्या अकाउंट्सवाल्याला बोलायला जागा मिळते, कारण त्यातले ३० दिवस तुम्हीच दिलेले असतात.

मुदत कुठे लिहिली आहे तेही पाहा. पर्चेस ऑर्डरवर ४५ दिवस आणि तुमच्या बिलावर ३० दिवस असे असेल, तर कंपनीची सिस्टिम पर्चेस ऑर्डरचेच दिवस धरते. मग तुमच्या हिशेबाने तीन आठवडे थकलेले बिल त्यांच्या हिशेबाने जेमतेम आठवडाभर मागे असते. अशा वेळी मेल पाठवा, पण त्यात "थकले" हा शब्द नको.

पैसे अडकतात तरी कुठे? कंपनी मुद्दाम थांबवते का?

कधी कधी मुद्दाम थांबवते. पण तीन आठवड्यांच्या टप्प्यावर बिल बहुतेक वेळा कुठल्या तरी टेबलावर अडकलेले असते, आणि ते टेबल कोणते हे तुम्हाला कोणी सांगितलेले नसते. पहिल्या मेलचे खरे काम ते टेबल शोधणे हे आहे. पैसे मागणे त्यातच येते.

बिलाचा प्रवास साधारण असा असतो. काम प्लांटमध्ये होते. तिथला मेन्टेनन्सचा माणूस सर्व्हिस रिपोर्टवर सही करतो. त्यावरून स्टोअर किंवा पर्चेस विभाग सिस्टिममध्ये काम पूर्ण झाल्याची नोंद करतो. माल असेल तर आवक नोंद, म्हणजे जीआरएन. मग अकाउंट्स विभाग पर्चेस ऑर्डर, ही नोंद आणि तुमचे बिल असे तीन कागद जुळवतो. तिन्ही जुळले तरच बिल बुक होते आणि पेमेंटच्या यादीत जाते. प्लांट सिन्नरला आणि अकाउंट्स मुंबई-पुण्याच्या हेड ऑफिसला असेल, तर सिन्नरच्या साहेबांना मनापासून वाटत असते की बिल "वर पाठवले आहे", आणि हेड ऑफिसात ते पोचलेलेच नसते.

दुसरी अडचण जीएसटीची, आणि ती पुरवठादारांच्या सहसा लक्षात येत नाही. अनेक कंपन्या बिल त्यांच्या जीएसटीआर-२बी या पोर्टलवरच्या खरेदी-उताऱ्यात दिसल्याशिवाय पैसे सोडत नाहीत, कारण तिथे दिसले नाही तर त्यांना टॅक्स क्रेडिट घेता येत नाही. आपल्या २ जूनच्या बिलाचे काय होते ते बघा. जून महिन्याचा जीएसटीआर-१ भरण्याची शेवटची तारीख ११ जुलै. तुम्ही तो शेवटच्या दिवशी भरला, तर बिल कंपनीच्या २बी मध्ये १४ जुलैला दिसते. म्हणजे २ जुलैला, देय तारखेला, अकाउंट्सच्या दृष्टीने ते बिल अजून "दिसत नव्हते". ही कंपनी महिन्याच्या १५ आणि ३० तारखेला पेमेंट सोडते आणि यादी दोन दिवस आधी बंद करते असे धरा. १५ जुलैची यादी १३ लाच बंद झाली. आता पुढची संधी ३० जुलै. यात कोणी लबाडी केलेली नाही, पण तुमचे चार आठवडे गेले.

तुम्ही तिमाही रिटर्न भरत असाल तर हे आणखी लांबते. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिले आयएफएफ या सोयीतून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवता येतात. ती चढवली नाहीत, तर एप्रिलचे बिल ग्राहकाला थेट जुलैत दिसते. तुमच्या कर सल्लागाराला हे आधीच विचारून ठेवा.

मेल लिहिण्याआधी आपल्या बाजूने काय तपासायचे?

चूक आपलीच निघाली तर आठवणीचा मेल फार ओशाळवाणा ठरतो, म्हणून ही दहा मिनिटे खर्च करा. बिलावर पर्चेस ऑर्डरचा क्रमांक आहे का? ग्राहकाचा जीएसटी क्रमांक बरोबर आहे का, विशेषतः कंपनीचे दोन राज्यांत दोन क्रमांक असतील तेव्हा? बिलातली रक्कम आणि कामाचे वर्णन ऑर्डरशी अक्षरशः जुळते का? ऑर्डरमध्ये "कॉम्प्रेसर ओव्हरहॉलिंग" आणि बिलात "सर्व्हिसिंग चार्जेस" असेल, तर जुळवणी करणारा मुलगा ते बाजूला ठेवतो आणि कोणाला सांगतही नाही. सही-शिक्क्याचा सर्व्हिस रिपोर्ट तुमच्याकडे आहे का? बिल जीएसटीआर-१ मध्ये कोणत्या तारखेला गेले? शेवटी, बँक स्टेटमेंट पुन्हा एकदा पाहा. टीडीएस कापून आलेली रक्कम बिलाशी जुळत नाही, म्हणून ती नजरेतून सुटते आणि पैसे आलेल्या बिलासाठीही आठवणीचा मेल जातो.

मेल कोणाला पाठवायचा? सीसीमध्ये कोण?

मुख्य पत्त्यावर अकाउंट्समध्ये बिलांचे काम पाहणारी व्यक्ती. सीसीमध्ये ज्यांनी काम दिले ते, म्हणजे पर्चेस किंवा मेन्टेनन्सचे साहेब. डायरेक्टरसाहेबांना या टप्प्यावर सीसीत घेऊ नका. तसे केले की अकाउंट्सच्या मॅडमना ती तक्रार वाटते, आणि पुढची कित्येक बिले त्याच मॅडमच्या टेबलावरून जाणार असतात.

ज्या मेलने मूळ बिल पाठवले होते त्यालाच "रिप्लाय ऑल" करून लिहा. बिल २ जूनलाच पोचले होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. बिल तेव्हा हातोहात दिले असेल, तर पोच घेतलेल्या प्रतीचा स्कॅन जोडा.

वेळ त्यांच्या पेमेंटच्या तारखेवरून ठरवा. यादी २८ ला बंद होणार असेल तर २३ ला गेलेला मेल कामाचा; २९ ला गेलेला मेल थेट १५ ऑगस्टच्या यादीसाठी, आणि त्या दिवशी तर बँकेला सुट्टी. पेमेंटचे दिवस माहीत नसतील तर फोन करून विचारा. हे कोणीही सांगते, त्यात गुपित काही नसते. कंपनीची साप्ताहिक सुट्टीही लक्षात ठेवा. एमआयडीसीत ती रविवारीच असेल असे नाही.

विषयाची ओळ कशी असावी?

बिल क्रमांक, रक्कम, देय तारीख. एवढेच. "अर्जंट", "रिमाइंडर २", मोठी अक्षरे किंवा उद्गारचिन्हे नकोत. अकाउंट्सवाले मेल उघडण्याआधी विषयातल्या क्रमांकावरून सिस्टिममध्ये शोधतात, म्हणून क्रमांक बिलावर जसा छापला आहे तसाच लिहा, पुढच्या-मागच्या तिरप्या रेषांसकट.

मेलचा नमुना मिळेल का?

विषय: बिल क्र. ११८, रु. १,१८,०००, देय तारीख २ जुलै

> नमस्कार मॅडम,
>
> आपल्या सिन्नर प्लांटमधील एअर कॉम्प्रेसरच्या देखभालीचे आमचे २ जूनचे बिल क्र. ११८ (पर्चेस ऑर्डरचा क्रमांक बिलावर आहे) २ जुलैला देय होते. आजपर्यंत आमच्या खात्यात त्याची रक्कम जमा झालेली दिसत नाही. रक्कम पाठवली असल्यास कृपया यूटीआर क्रमांक कळवावा, म्हणजे आम्ही नोंद करून घेऊ.
>
> बिल अजून प्रक्रियेत असेल, तर ते सध्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि आमच्याकडून एखादा कागद हवा आहे का, एवढे कळवावे. बिल आम्ही जूनच्या जीएसटीआर-१ मध्ये ११ जुलैला दाखवले आहे, त्यामुळे ते आपल्या २बी मध्ये दिसत असेल.
>
> ३० जुलैच्या पेमेंटमध्ये हे बिल घेता येईल का, हे २५ जुलैपर्यंत कळले तर आम्हाला सोयीचे होईल.
>
> सोबत बिल, पर्चेस ऑर्डर आणि सही केलेला सर्व्हिस रिपोर्ट जोडला आहे.
>
> आपला,
> (नाव, संस्था, मोबाइल)

या मेलमध्ये समोरच्याला उत्तर द्यायला तीन सोप्या वाटा आहेत: यूटीआर कळवा, टप्पा सांगा किंवा तारीख द्या. "कृपया लवकरात लवकर पेमेंट करावे" एवढेच लिहिले तर त्याला उत्तर एकच असते, "हो, करतो", आणि त्यातून हाती काही लागत नाही.

"पाठवली असल्यास" हे वाक्य काढू नका. त्यात नुसती सभ्यता नाही. कधी कधी पैसे खरोखरच दुसऱ्या बिलापोटी किंवा जुन्या खात्यात गेलेले असतात, आणि या वाक्यामुळे ते लगेच उघड होते.

आणि माफी मागू नका. "त्रासाबद्दल क्षमस्व", "नाइलाजाने लिहावे लागत आहे", "आमचीही अडचण समजून घ्यावी" अशी वाक्ये मराठी पत्रात सवयीने येतात. पगार करायचे आहेत, बँकेचा हप्ता आहे, हे खरे असले तरी अकाउंट्सच्या टेबलाला त्याचा उपयोग नाही. शिवाय पुढच्या वेळी दर ठरवताना ती अडचण पर्चेसवाल्यांच्या लक्षात असते.

जोडणीत काय आणि कसे पाठवायचे?

तीन वेगळ्या पीडीएफ, आणि प्रत्येक फाइलच्या नावात बिल क्रमांक. झिप फाइल नको, अनेक कंपन्यांचे सर्व्हर ती अडवतात. मोबाइलवर काढलेला तिरका फोटो चालत नाही असे नाही, पण सही आणि शिक्का वाचता आला पाहिजे.

मेल मराठीत लिहावा की इंग्रजीत?

ज्या भाषेत त्यांचे मेल येतात त्या भाषेत. सिन्नर-अंबडच्या मालकांशी फोनवर मराठीच चालते. पण बिल पाहणारा विभाग बंगळुरूला असेल तर हाच मजकूर, हाच क्रम ठेवून इंग्रजीत पाठवा. छोट्या वर्कशॉपच्या मालकांना, ज्यांना तुम्ही एरवी दादा किंवा भाऊ म्हणता, एकदम "महोदय" म्हणून लिहिले की त्यांना नोटीस आल्यासारखे वाटते. "नमस्कार भाऊ" लिहा आणि आकडे मात्र तितकेच नेमके ठेवा.

किती रक्कम मागायची, बिलाची की टीडीएस वजा करून?

मेलमध्ये बिलाची पूर्ण रक्कम लिहा, पण बँकेत किती येणार हे स्वतःला माहीत असू द्या. कंत्राटी कामावर कंपनी टीडीएस कापते: काम करणारा वैयक्तिक मालक असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २ टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त मूळ रकमेवर. आपल्या उदाहरणात १,००,००० वर २,००० रुपये कापले जातील आणि खात्यात १,१६,००० येतील. हे दोन हजार बुडालेले नाहीत. ते आयकर पोर्टलवर तुमच्या टीडीएसच्या नोंदीत दिसले पाहिजेत. तिमाही संपल्यावर तिथे दिसले नाहीत, तर त्यासाठी वेगळा मेल करा. थकबाकीच्या मेलमध्ये तो विषय मिसळू नका.

लघुउद्योगांसाठी ४५ दिवसांचा कायदा आहे ना? मग तो मेलमध्ये लिहू नये का?

कायदा आहे आणि तो चांगला कडक आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात; लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. दिवस माल किंवा काम स्वीकारल्यापासून मोजतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती.

तरीही पहिल्या मेलमध्ये हे लिहू नका. बिल बहुधा टेबलावर अडकले आहे, आणि कायद्याचे कलम दिसले की अकाउंट्सवाला उत्तर देणे थांबवून मेल लीगल विभागाकडे पाठवतो. तिथून तो परत यायला महिना जातो. उद्यम क्रमांक बिलावर आणि मेलखालच्या सहीत छापलेला असू द्या. ज्याला समजायचे त्याला समजते.

आयकराच्या तरतुदीबद्दल तर जास्तच गोंधळ आहे. जुन्या आयकर कायद्यात ४३बी(एच) या नावाने ओळखली जाणारी ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. सूक्ष्म-लघु पुरवठादाराला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. आता नीट पाहा. जूनचे बिल ऑगस्टमध्ये, अगदी फेब्रुवारीत दिले तरी आर्थिक वर्ष तेच राहते, म्हणून ग्राहकाचा खर्च कुठेच हलत नाही. जुलैच्या मेलमध्ये ४३बी(एच) चा धाक घातला तर तिथला सीए मनातल्या मनात हसतो. हेच वाक्य मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आधीच मुदत संपलेल्या बिलासाठी, सौम्य शब्दांत लिहिले तर मात्र त्याला वजन असते.

बिलाखाली स्वतःच छापलेले "उशिरा पैसे दिल्यास १८ टक्के व्याज" हेही आत्ता उकरू नका. पुढे कधी व्याज वसूल केलेच, तर त्या व्याजावरही जीएसटी लागतो हे ध्यानात ठेवा.

"पेमेंट प्रोसेसमध्ये आहे" असे उत्तर आले. आता?

हे उत्तर अर्धे आहे. त्याच मेलवर आभार मानून एकच प्रश्न विचारा: "बिल बुक झाले आहे का? असल्यास ते कोणत्या तारखेच्या यादीत आहे?" बुक झाले असेल तर तारीख मिळते. झाले नसेल तर कारण मिळते.

समजा उत्तर आले की सर्व्हिस रिपोर्टवर मेन्टेनन्सची सही आहे, पण स्टोअरची नाही, म्हणून काम पूर्ण झाल्याची नोंद सिस्टिममध्ये झालेली नाही. अशा वेळी मेलामेली करत बसू नका. अंबडहून सिन्नर काही लांब नाही. माणूस पाठवा, सही घ्या, स्टोअरमध्ये बसूनच नोंद करवून घ्या आणि नोंदीचा क्रमांक त्याच मेलवर अकाउंट्सला कळवा. २८ च्या आत हे झाले तर ३० ची यादी गाठता येते.

उत्तरच आले नाही तर?

तीन कामाच्या दिवसांनी फोन करा, आधी अकाउंट्सला. फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींत मेल करा: "आताच बोलणे झाल्याप्रमाणे बिल क्र. ११८ हे ३० जुलैच्या पेमेंटमध्ये घेतले जाईल, असे आपण सांगितले." खोडून काढायचे असेल तर ते काढतील.

३० तारीखही कोरडी गेली तर दुसरा मेल आठवड्याच्या आत पाठवा, सोबत खातेउतारा जोडा आणि "आपल्या पुस्तकातील शिल्लक कळवावी" अशी विनंती करा. लेखी कबुलीचा उपयोग पुढे होतो, कारण थकबाकीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि मुदतीच्या आत दिलेल्या सहीच्या कबुलीने ती नव्याने सुरू होते. पर्चेसच्या साहेबांना आता मुख्य पत्त्यावर आणा. त्यानंतरचा टप्पा थकलेल्या पैशांसाठी एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज करण्याचा. तो फुकाचा इशारा म्हणून वापरू नका. अर्ज करायचा ठरला तरच उल्लेख करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण करून दिली तर चालेल का?

मेल गेल्यावर, तो पाहायला सांगण्यापुरती. रात्री नको, ग्रुपवर तर मुळीच नको.

महापालिका किंवा सरकारी खात्याच्या बिलालाही हाच मेल चालतो का?

नाही. तिथे बिल मोजमाप पुस्तकातल्या नोंदीवर आणि निधीच्या तरतुदीवर चालते. मेलपेक्षा शाखा अभियंत्याकडे नोंद झाली का, हे विचारणे उपयोगाचे.

मध्यंतरी आमचे बँक खाते बदलले. नवे खाते याच मेलमध्ये लिहू का?

नका लिहू. पैशांची आठवण आणि नवा खाते क्रमांक एकाच मेलमध्ये असणे ही फसवणुकीच्या मेलची ठरलेली खूण आहे, आणि सावध कंपनी असा मेल आला की पेमेंटच थांबवते. खाते बदलल्याचे पत्र लेटरहेडवर, रद्द केलेल्या चेकसह वेगळे पाठवा आणि त्यांच्या वेंडर मास्टरमध्ये बदल झाला का हे फोनवर विचारा. बदल झाल्याशिवाय जुने खाते बंद करू नका.

पैसे आले, पण १,१६,००० ऐवजी ९८,००० च आले.

फरक १८,००० चा, म्हणजे नेमका जीएसटी इतका. कंपनीने मूळ रकमेतून टीडीएस कापून बाकी दिले आणि जीएसटी रोखून धरला आहे. याचा अर्थ बिल त्यांच्या २बी मध्ये दिसत नाही किंवा चुकीच्या जीएसटी क्रमांकावर गेले आहे. मिळालेल्या रकमेची पोच द्या आणि तुमच्या जीएसटीआर-१ मधल्या त्या बिलाच्या नोंदीची प्रत जोडा. चूक तुमची असेल तर पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करून, ती केल्याची तारीख कळवा. दुरुस्ती त्यांना पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला दिसेल, म्हणून उरलेले १८,००० त्यानंतरच्या यादीत मागा.